रिमाइंडर किती वाजता लावायचा? आधी स्वतःचं घड्याळ मोजा

पुण्यात मी बरीच वर्षं अभ्यासिका चालवतो. दर जूनमध्ये नवी मुलं येतात, मोबाइलमध्ये पहाटे चारचा गजर आणि साडेचारचा ‘अर्थशास्त्र’ असा रिमाइंडर लावतात, आणि तीन आठवड्यांत दोन्ही बंद करून टाकतात. मग स्वतःला आळशी म्हणवून घेतात. पहाटे चारचा सल्ला देणारे काका किंवा सर स्वतः रात्री नऊला झोपणारे असतात आणि त्यांना तो खरोखर लागू पडलेला असतो, एवढंच. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात शरीराचं घड्याळ आयुष्यातलं सगळ्यात उशिराचं असतं आणि पुढे वयाबरोबर ते हळूहळू अलीकडे सरकतं. पन्नाशीच्या माणसाची वेळ विशीच्या मुलाला लावून चालत नाही.

खाली लिहिलेली पद्धत दिवसा काम किंवा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या कामाच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात त्यांचं घड्याळ स्थिर होतच नाही, त्यांना ती उपयोगी पडणार नाही.

पहिली पायरी: झोपेची नोंद

दोन आठवडे रोज सकाळी दोन वेळा लिहा: झोप साधारण कधी लागली आणि जाग कधी आली. अंथरुणावर पडल्याची वेळ नको, झोप लागल्याची हवी. गजर वापरला असेल तर त्या दिवसापुढे फुली मारा.

दुसरी पायरी: झोपेचा मध्यबिंदू काढणं

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली होती, म्हणून इथे जरा थांबतो.

मी स्वतः रात्रीचा माणूस आहे. नोकरी सांभाळून परीक्षा देत होतो तेव्हा मी रविवारवरून अंदाज बांधला. रविवारी मी साडेअकराला उठायचो, म्हणून मला वाटलं की माझा मेंदू रात्रीच चालतो. सगळ्यात अवघड विषयाचा रिमाइंडर मी रात्री अकराला लावला. त्या वेळी ताजंतवानं वाटायचंही. पण सकाळी वही उघडली की अर्धी गणितं चुकलेली. सात-आठ महिने असेच गेले. रविवारी मी उशिरा उठत होतो कारण सहा दिवसांची झोप थकलेली होती. ते माझं घड्याळ नव्हतं, ती उधारी फेडणं होतं.

ही उधारी वजा करायची रीत म्युनिकचे झोपेचे संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नावलीत आहे. ही प्रश्नावली २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. झोप लागणं आणि जाग येणं यांच्या बरोबर मध्यावरची वेळ म्हणजे झोपेचा मध्यबिंदू. सुट्टीच्या, बिनगजराच्या दिवसाचा मध्यबिंदू घ्यायचा, आणि त्या दिवशी आठवड्याच्या सरासरीपेक्षा जितकी जास्त झोप झाली त्याच्या निम्मी वेळ त्यातून वजा करायची.

गेल्या वर्षी यूपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीचा हिशोब मी तिच्यासोबत बसून केला होता, तो देतो. सहा दिवस ती दीडला झोपून सातला गजराने उठत होती, म्हणजे साडेपाच तास झोप. रविवारी अडीचला झोपून अकराला उठायची, म्हणजे साडेआठ तास, आणि मध्यबिंदू पावणेसात. आठवड्याची एकूण झोप साडेएकेचाळीस तास, म्हणजे रोजची सरासरी साधारण सहा. रविवारची झोप त्याहून अडीच तास जास्त, त्याचं निम्मं सव्वा तास. पावणेसातातून सव्वा तास काढला की उरतात साडेपाच. आठ तास झोप धरली तर तिची नैसर्गिक रात्र दीड ते साडेनऊ अशी येते. अडीच ते अकरा अशी नाही. उठण्यात दीड तासाचा फरक पडला, आणि पुढचे सगळे रिमाइंडर उठण्याच्या वेळेपासून मोजायचे असल्यामुळे तेही दीड तासाने चुकले असते.

मध्यबिंदू साडेतीनच्या आत असेल तर तुम्ही सकाळचे, साडेपाचच्या आसपास किंवा पुढे असेल तर रात्रीचे, असं मी कामापुरतं धरतो. बहुतेक जण मधे कुठेतरी असतात आणि त्यांना कुठलंच बिरुद चिकटवायची गरज नसते.

दोन गोष्टींनी हा आकडा बिघडतो. सुट्टीच्या रात्री मालिका बघत तीनपर्यंत जागलात तर ती वेळ मालिकेची आहे, तुमची नाही. अशी रात्र हिशोबात धरू नका. दुसरं म्हणजे एकच रविवार घेऊ नका, निदान दोन घ्या. सगळ्यात खात्रीचं माप दिवाळीच्या सुट्टीत गावी मिळतं. पहिले तीन-चार दिवस थकलेली झोप भरून निघते, त्यानंतरच्या चार दिवसांची सरासरी काढा. तिथे वजाबाकीही करावी लागत नाही. रात्रभर झोपच लागत नाही आणि पहाटे चार-पाचला लागते असं महिनोन्‌महिने होत असेल, तर मात्र हिशोब बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

तिसरी पायरी: धारदार तास शोधणं

आठ-दहा दिवस, उठल्यापासून दर दोन-तीन तासांनी एकाच प्रकारची, एकसारख्या अवघडपणाची दहा गणितं सोडवा आणि किती चुकली ते लिहा. ‘कसं वाटतंय’ लिहू नका. ताजं वाटणं आणि नीट डोकं चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. झोपायच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोनेक तास शरीर आपोआप जागं राहायला बघतं. त्यामुळे रात्री उशिरा हुशारी वाटते आणि थकलेला माणूस तिला फसतो. मी तिलाच फसलो होतो.

उठल्यावरचा पहिला अर्धा तास मोजू नका. झोपेची गुंगी तेव्हा उतरत असते, झोप अपुरी असेल तर ती जास्तही टिकते. या मुलीची नोंद अशी आली: साडेदहा ते साडेबारा बरं, दोन ते चार अगदी ढिसाळ, पाच ते आठ सगळ्यात कमी चुका, रात्री दहानंतर पुन्हा बरं पण साडेअकरापासून चुका वाढत्या. तोवर ती अवघड गणित सकाळी साडेसातला करत होती आणि संध्याकाळी वर्तमानपत्र वाचत होती. दोन्हींची अदलाबदल केली.

चौथी पायरी: रिमाइंडर बसवणं

धारदार तास पाचला सुरू होतो म्हणून रिमाइंडर पाचला लावायचा, हे बहुतेक जण करतात आणि इथेच सगळं फिसकटतं. पाचला ती मुलगी मैत्रिणींबरोबर चहाच्या टपरीवर असायची. मोबाइल वाजायचा, ती ‘दहा मिनिटांनी’ करायची, आणि परत येऊन बसेपर्यंत पावणेसहा. रिमाइंडर तुम्ही मोकळे असाल अशा क्षणी वाजला पाहिजे. तो बहुतेकदा आधीचं काम संपतानाचा क्षण असतो. आम्ही तो चार-वीसवर आणला, चहाला निघायच्या आधी. तेव्हा ती पुस्तक आणि वही टेबलावर उघडून ठेवायची, मग चहाला जायची. पाचला परत येऊन थेट पहिलं गणित.

रिमाइंडरमध्ये नुसतं ‘अभ्यास’ लिहू नका. ‘सीसॅट, गुणोत्तर, उदाहरण १२ पासून’ असं लिहा. वाजल्यावर विचार करावा लागला तर हात दुसऱ्या अ‍ॅपकडे जातो.

दिवसाला अवघड कामाचे दोनच रिमाइंडर पुरे. एकच रिमाइंडर लागोपाठ तीन दिवस टाळला गेला तर त्याची वेळ चुकली आहे. ती वीस-तीस मिनिटं मागे किंवा पुढे सरकवा. त्याच्या मागे दुसरा आणि तिसरा रिमाइंडर रांगेत लावू नका. आठवड्याभरात कान त्या आवाजाला सरावतात आणि मग महत्त्वाचाही ऐकू येत नाही.

जेवणानंतरच्या दोन तासांत अवघड कामाचा रिमाइंडर नकोच. तिथे वीस मिनिटांच्या डुलकीचा गजर लावा आणि उरलेल्या वेळेत उजळणी, टिपणं, ईमेल असली कामं उरका.

चहा-कॉफीचाही एक रिमाइंडर हवा, थांबण्याचा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. दीडला झोपणाऱ्याने संध्याकाळी सहानंतर पिऊ नये, साडेदहाला झोपणाऱ्याने दुपारी तीननंतर.

सकाळची परीक्षा असेल तर

यूपीएससी पूर्व परीक्षेचा पहिला पेपर साडेनऊला सुरू होतो. या मुलीची नैसर्गिक जाग साडेनऊची. शेवटच्या आठवड्यात एकदम पहाटे उठायला लागून हे जमत नाही. गजराने उठता येतं, पण रात्री झोप लवकर लागत नाही. घड्याळच सरकवावं लागतं, आणि ते हळूहळू सरकतं.

तिला साडेसहाला जाग यायला हवी होती, म्हणजे तीन तासांचा फरक. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं धरली की बारा टप्पे, छत्तीस दिवस. आम्ही सहा आठवडे आधी सुरुवात केली. उठल्याबरोबर अर्धा तास गच्चीत किंवा रस्त्यावर उजेडात काढायचा, कारण सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. रात्री झोपायच्या दोन तास आधी एक रिमाइंडर: मोठा दिवा बंद, मोबाइल लांब. रात्रीचा उजेड तेच घड्याळ उलटं ढकलतो. रविवारीही तीच वेळ पाळायची. एका रविवारी ती दहापर्यंत झोपली आणि पुढचे चार दिवस रात्री एकशिवाय झोप लागेना. तो टप्पा पुन्हा करावा लागला.

उठण्याची वेळ सरकली की बाकीचे रिमाइंडरही तितकेच सरकायला हवेत. फोन हे आपोआप करत नाही. तिने दर रविवारी संध्याकाळी सगळे रिमाइंडर हाताने अर्धा तास अलीकडे घेतले. चार-वीसचा रिमाइंडर सहा आठवड्यांत एक-वीसवर आला. जेवणानंतरचा ढिसाळ काळही अलीकडे आला, तो अकरा ते एक असा. पेपर त्याच्या आधी संपत होता की नाही ते आम्ही शेवटच्या दोन आठवड्यांत साडेनऊ ते साडेअकरा सराव पेपर घेऊन तपासलं. शेवटच्या अर्ध्या तासात चुका वाढत होत्या. म्हणून तिने अवघड प्रश्न आधी सोडवायचे आणि सोपे नंतर, असा क्रम ठरवला, आणि सातला भरपेट पोह्यांऐवजी थोडंसं खाऊन निघायचं.