सातबाऱ्याच्या स्क्रीनशॉटवरून वारसांचे हिस्से कसे काढायचे

व्हॉट्सअॅपवर सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली एकच प्रश्न, "नऊ नावं आहेत, म्हणजे नऊ सारखे भाग ना?" नाही. सातबाऱ्यावर किती नावं आहेत यावर हिस्सा ठरत नाही, कोण कोणाचा वारस आहे यावर ठरतो. आमच्या ओळखीतल्या एका घरचा हिशोब घेऊन सांगतो, गट नंबर आणि आकडे मी बदललेत म्हणजे भागाकार सुटसुटीत येईल.

आधी स्क्रीनशॉट नीट वाचून घ्या. क्षेत्र हेक्टर.आर.चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. २.५२.०० म्हणजे २ हेक्टर ५२ आर. १०० आरचा एक हेक्टर, १०० चौरस मीटरचा एक आर, आणि गावाकडे ज्याला गुंठा म्हणतात तो साधारण एक आरच (गुंठा किंचित मोठा, १०१ चौ.मी.च्या जरा वर). फोटो पुढे पाठवून पाठवून धूसर झालेला असतो, ३ चा ८ दिसतो, म्हणून एक तपासणी करायचीच: लागवडयोग्य क्षेत्र अधिक पोटखराबा बरोबर एकूण क्षेत्र आलं पाहिजे. आपल्या उदाहरणात २.३४.०० लागवडयोग्य, ०.१८.०० पोटखराबा, एकूण २.५२.००, जुळलं. जुळत नसेल तर कुठलातरी आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय.

नावांच्या रकान्यात कंस किंवा आडवी रेघ असलेली नावं गेलेली असतात, ती मोजायची नाहीत. नावांच्या यादीखाली "सामाईक क्षेत्र" लिहिलेलं असेल तर ते क्षेत्र त्या खात्यातल्या सगळ्यांचं मिळून असतं, शेजारी ज्याचं नाव दिसतं त्याच्या एकट्याचं नाही. आणि यादी स्क्रीनशॉटच्या कडेला कापली गेलीय का ते बघा, शेवटची दोन नावं पुढच्या पानावर असतात हा प्रकार मी खूपदा पाहिलाय. फेरफार नंबरही टिपून ठेवा, पुढे लागतील.

आता घरची गोष्ट. दोन भावांनी मिळून जमीन विकत घेतली, खरेदीखतात निम्मी-निम्मी (जुन्या भाषेत आठ आणे-आठ आणे). दोघंही मृत्यूपत्र न करता वारले. थोरल्याची बायको, दोन मुलं, एक मुलगी. धाकट्याची बायको, एक मुलगी, आणि एक मुलगा जो बापाच्या आधीच गेला, त्याच्यामागे त्याची बायको, मुलगा, मुलगी. नावं मोजा, चार अधिक दोन अधिक तीन, नऊच.

कागदावर झाड काढा आणि वरून खाली भागत या, एकदम खालच्या फांदीवर उडी मारू नका. थोरल्याचा १/२, त्याचे चार वारस, प्रत्येकी १/८. धाकट्याचाही १/२, पण तिथे तीन भाग: बायको, मुलगी, आणि मेलेल्या मुलाची फांदी मिळून एक. प्रत्येकी १/६. मुलाचा १/६ त्याच्या तिघांत, म्हणजे १/१८ प्रत्येकी. ८, ६ आणि १८ ला चालणारा छेद ७२. मग थोरल्याकडचे चौघं ९-९ भाग, धाकट्याची बायको १२, मुलगी १२, नातवंडं आणि सून ४-४. बेरीज ३६ अधिक २४ अधिक १२, ७२ आली. बेरीज छेदाएवढी आली नाही तर पुढे जायचंच नाही, झाडात कोणीतरी सुटलंय किंवा दोनदा आलंय.

क्षेत्र चौरस मीटरमध्ये करून घ्या, कारण २.५२.०० एक्सेलमध्ये तसंच टाकलं तर तो त्याला आकडा म्हणून धरत नाही. हेक्टर, आर, चौ.मी. तीन वेगळ्या रकान्यात टाका आणि

```
=A2*10000+B2*100+C2
```

२५,२०० आले. ७२ ने भागले तर एका भागाला ३५० चौ.मी. थोरल्याकडचे प्रत्येकी ३१.५० आर, धाकट्याची बायको आणि मुलगी ४२-४२ आर, सून आणि नातवंडं १४-१४ आर. नऊ सारखे भाग केले असते तर प्रत्येकाला २८ आर आले असते, म्हणजे धाकट्याच्या बायकोचे १४ आर भलतीकडे गेले असते. पोटखराबा पण याच प्रमाणात जातो, नाहीतर एकाच्या वाट्याला सगळा खडक येतो. भागाकार पूर्ण जात नसेल तर सगळ्यांचे आकडे खाली पूर्णांकात आणा आणि उरलेले एक-दोन चौरस मीटर संमतीने कोणाच्या तरी नावावर टाका, बेरीज मात्र मूळ क्षेत्राएवढीच.

आता खरी गोम. त्या घरी आधी सगळे म्हणत होते मुलगा बापानंतर वारला. तसं असतं तर हिशोब बदलला असता, कारण हिंदू वारसा कायद्यात आई ही मुलाची पहिल्या वर्गातली वारस आहे. मग मुलाचा १/६ चार जणांत गेला असता, बायको, दोन मुलं आणि आई, प्रत्येकी १/२४, म्हणजे तीन भाग. सून-नातवंडांना १४ ऐवजी १०.५० आर आणि आजीला ४२ ऐवजी ५२.५० आर. कोण आधी गेलं हे स्क्रीनशॉटवर दिसतच नाही. मृत्यूचे दाखले मागवले, फेरफार काढून बघितले, तेव्हा कळलं मुलगा बापाच्या चार महिने आधी गेलेला. म्हणून झाडातल्या प्रत्येक मयत नावासमोर मृत्यूची तारीख लिहायची, ती नसेल तर भागाकार सुरूच करू नका.

हा हिशोब हिंदू कुटुंबाचा आणि स्वतः घेतलेल्या जमिनीचा आहे. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मापासूनच मुलाइतकी सहहिस्सेदार, तिथे आधी एकत्र कुटुंबाची वाटणी झाली असं धरून मयताचा हिस्सा काढावा लागतो आणि मग तो वारसांत. मुस्लिम कुटुंबात नियमच वेगळे. अशा वेळी वकिलाकडून झाड तपासून घ्या.

कागदावर १४ आर आले म्हणून तेवढा तुकडा वेगळा मिळेलच असं नाही. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ पासून शेतजमिनीचं किमान क्षेत्र जिरायतीला २० आर, बागायतीला १० आर आहे (शहरी भागात नियम वेगळे, तलाठ्याला विचारा). ही जमीन जिरायत, म्हणून सून आणि दोन नातवंडांनी आपले ४२ आर एकत्रच ठेवायचं ठरवलं, तिघांचा हिस्सा सामाईक. कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीला तलाठी विचारत नाही.

शेवटी हा आकडा घेऊन तहसीलला जायचं असेल तर स्क्रीनशॉट चालणार नाही, महाभूलेखवरचा मोफत उतारा फक्त माहितीसाठी असतो. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ काढा, वारस फेरफार मंजूर झालाय का बघा, मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीने वाटपाचा अर्ज. वाटप मंजूर झालं की भूमी अभिलेखकडे पोटहिस्सा मोजणी. मोजणीत बांधावरची जमीन आणि कागदावरची जमीन थोडी वेगळी निघू शकते, तेव्हा तुमची ७२ भागांची चिठ्ठी बरोबर ठेवा, कारण एकूण क्षेत्र बदललं तरी प्रमाण तेच राहतं, फक्त ३५० च्या जागी नवा आकडा टाकायचा.