सेफ्टी व्हिडिओचं मराठी नव्या मुलांना कळेना, तेव्हा

चाकणच्या एका कारखान्यासाठी इंडक्शनचा व्हिडिओ मराठीत करत होतो. लॉकआउटच्या, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप लावायच्या भागाला नवी मुलं अडायची. वाक्यच होतं, "देखभालीपूर्वी ऊर्जास्रोत विलग केल्याची सुनिश्चिती करावी." शिवाय आवाज दृश्याच्या मागे पडायचा. आधी अवघड शब्द बदलून पाहिले, मग भरभर वाचून घेतलं. तीन आवृत्त्या वाया गेल्या, डोकं फिरायची वेळ आली.

चाललं ते असं. स्क्रिप्ट बाजूला ठेवली. व्हिडिओ आवाज बंद करून लाइनवरच्या सुपरवायझरना दाखवला, "नव्या पोराला कसं सांगाल?" विचारलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ते म्हणाले, "आधी मेन स्विच बंद कर. तुझं कुलूप लाव, चावी तुझ्याच खिशात. मग स्टार्ट दाबून बघ. मशीन हललं नाही तरच हात घाल." तेच उतरवलं, फक्त 'कर'चं 'करा' केलं. पॅनेलवर छापलेले शब्द तसेच ठेवले, कारण मुलांना तेच शोधायचे असतात. मग इंग्रजी मुळाशी एकेक पायरी ताडली. टॅग लावायचं बोलण्यात राहून गेलं होतं, ते घातलं. शेवटी प्रत्येक दृश्याला घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं. बसलं नाही तिथे शब्द कापले, पायरी नाही.