मुदत उलटलेली गोळी: घ्यावी की टाकावी?

एक्स्पायरी म्हणजे सीलबंद, नीट ठेवलेल्या औषधाची ताकद कंपनीने हमी दिलेली शेवटची तारीख. दुसऱ्या दिवशी गोळीचं विष होत नाही. पॅरासिटामॉलची अखंड स्ट्रिप कोरड्या, थंड जागी असेल, तर तीन महिन्यांनी बहुधा गुण थोडा कमी येईल, इतकंच. म्हणून डोस मात्र वाढवू नका. यकृताला धोका होतो. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास आला, तर ओलाव्याने ती विघटित झाली आहे, टाकून द्या.

इन्सुलिन, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिन यांत मात्र एक दिवसाचीही सूट घेऊ नका. त्यांची ताकद घटलेली दिसत नाही, आणि ऐन वेळी दुसरी संधी मिळत नाही. डोळ्यांच्या थेंबांत जंतू वाढू शकतात.