साठीच्या पुढच्यांचं आरोग्य नियोजन: पीएसएममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपुरात पीएसएमला, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राला, किंवा सार्वजनिक आरोग्याच्या एमपीएचला आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कुठल्या तरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा आराखडा करायला देतात. विषय वृद्धांचा असेल, तर बहुतेक जण सुरुवात वृद्धावलंबन गुणोत्तरानेच करतात. मीही या कामात काही वर्षं काढली आहेत. त्या गुणोत्तराचा उपयोग कुठे होतो, कुठे संपतो आणि पुढचं काम कसं करायचं, एवढंच इथे लिहितो.

गणित सोपं आहे. साठ आणि त्यापुढच्यांना १५ ते ५९ वयाच्या माणसांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. भारतात हा आकडा १९६१ साली १०.९ होता, २०११ च्या जनगणनेत १४.२ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत मात्र बहुधा ६५ वर्षांची सीमा धरलेली असते, म्हणून दोन तक्ते शेजारी ठेवण्याआधी सीमा कुठली ते बघा. आयुर्मान वाढलं म्हणून समाज म्हातारा होतो, असा सगळ्यांचा समज असतो. खरं कारण मुख्यतः घटलेले जन्म हे आहे. ६५ च्या पुढच्यांचं प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली. आपल्यासारख्या देशांना त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतकाच वेळ मिळतोय, आणि तोही पेन्शन व आरोग्यविमा सर्वांपर्यंत पोचायच्या आत.

आता एक गाव घेऊ. काटोल-नरखेडकडचं, दोन हजार वस्तीचं असं समजा. नोंदवहीत ० ते १४ वयाचे ४२०, १५ ते ५९ चे १३०० आणि साठीपुढचे २८० लोक आहेत. गुणोत्तर येतं २१.५. पण त्या तेराशेंतली दोनशे पोरं पुण्याला, हैदराबादला किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत आहेत. नावं रेशन कार्डावर, माणसं तिकडे. प्रत्यक्ष गावात राहणारे मोजले की गुणोत्तर २५.५ होतं. एकही म्हातारं माणूस वाढलेलं नाही, तरी आकडा चार अंकांनी चढला. शिवाय त्या २८० मधले कितीतरी आजही संत्र्याच्या बागेत खपतात, म्हणजे ते कुणावर अवलंबून नाहीत. हे गुणोत्तर जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करायला, वीस वर्षांचा कल दाखवायला चांगलं आहे. दवाखान्यात किती डॉक्टर आणि किती गोळ्या लागतील, हे त्यातून निघत नाही.

त्यासाठी माणसांची यादी लागते, आणि यादीत पहिली अडचण वयाची असते. वयाचा आलेख काढा. ६०, ६५, ७० वर उंच सुळके आणि ६१, ६३, ६४ वर खड्डे दिसले, तर समजा की वय विचारलेलं नाही, अंदाजाने टाकलेलं आहे. ६५ वर सुळका जास्त असेल, तर श्रावणबाळ योजनेची वयोमर्यादाही ६५ आहे हे लक्षात घ्या. मी जन्मसाल विचारतच नाही, प्रसंग विचारतो. नागपूर भागात सगळ्यात भक्कम खूण म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ची दीक्षा. नोंदवहीत साठ लिहिलेल्या एका आजी म्हणाल्या, "बाबासाहेबांनी दीक्षा देली तवा मी मायच्या कडेवर होती." म्हणजे सत्तरीच्या आसपास. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, आणीबाणीत थोरलं पोर केवढं होतं, हे दोन प्रश्न जोडले की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने तरी पक्कं होतं. साठ आणि सत्तर यांतला फरक इथे मोठा आहे, कारण पडणं, विसरणं, अंथरूण धरणं हे सगळं सत्तरीनंतर झपाट्याने वाढतं.

मग यादी वयाऐवजी हातापायांच्या ताकदीने लावा. आशाताई जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतो का. त्यातून तीन गट पडतात: दवाखान्यात स्वतः येणारे, कुणी आणलं तरच येणारे आणि घरीच असणारे. तिसऱ्या गटाची नावं ओपीडीच्या रजिस्टरवर कधीच सापडत नाहीत. म्हणून नुसत्या ओपीडीवर बेतलेला आराखडा ज्यांना गरज सगळ्यात जास्त त्यांनाच वगळतो.

आता कामाचा हिशेब. सपाट भागातलं आरोग्य केंद्र तीस हजार लोकांसाठी असतं, त्याखाली सहा उपकेंद्रं. साठीपुढचे १२ टक्के धरले तर ३६०० झाले. समजा त्यांतल्या १२०० जणांना बीपी किंवा शुगरच्या रोज गोळ्या आहेत. २०१० साली सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात केंद्रावर आठवड्यातून एकदा वृद्धांचं क्लिनिक ठरलेलं आहे. प्रत्येक जण महिन्याला गोळ्यांसाठी आला, तर महिन्याच्या चार क्लिनिकांत दर वेळी तीनशे माणसं होतील. डॉक्टर सहा तास बसले तरी एका माणसाला सव्वा मिनिटही येत नाही. कागदावर क्लिनिक चालू दिसतं, तपासणी मात्र होत नाही.

हाच भार वाटून बघा. गोळ्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून, म्हणजे सीएचओंकडून दिल्या, तर दर उपकेंद्राला महिन्याला दोनशे, म्हणजे दिवसाला आठ माणसं येतात; हे जमणारं आहे. डॉक्टरांनी प्रत्येकाला तीन महिन्यांतून एकदा बघायचं ठरवलं, तर महिन्याला चारशे, क्लिनिकला शंभर. क्लिनिक आठवड्यातून दोनदा केलं की पन्नास, आणि माणशी सात मिनिटं. सात मिनिटांत बीपी घेणं, पाय बघणं, "शेवटचं कधी पडलात?" हे विचारणं होतं. माझ्या मते आराखड्यातलं सगळ्यात मोलाचं पान हेच, कारण इथे नवीन इमारत किंवा पद न मागता सेवा बदलते.

पण हे सगळं गोळ्यांवर उभं आहे, आणि इंडेंट करताना, म्हणजे औषधांची मागणी नोंदवताना, बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचा खप बघतात. समजा महिन्यात अम्लोडिपिनच्या आठ हजार गोळ्या गेल्या आणि विसाव्या दिवशी साठा संपला. खरी मागणी आठ हजार नाही. वीस दिवसांत आठ हजार, म्हणजे तीस दिवसांत बारा हजार. नोंदवहीत साठा शून्य असलेले दिवस मोजले नाहीत, तर टंचाईच पुढच्या वर्षीची मागणी ठरवते. साठा संपलेल्या दिवशी रिकाम्या हाताने परत गेलेली आजी खपाच्या रकान्यात कुठेच नसते, आणि बहुधा पुढच्या महिन्यात ती येतच नाही. दर महिन्याला गोळी घेणाऱ्यांची संख्या रजिस्टरवरच्या नावांशी ताडून बघा. १२०० नावं आणि ५०० जणच गोळी नेत असतील, तर गळती कुठे आहे ते उपकेंद्रवार शोधा.

क्लिनिकची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवा. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, त्यांच्यापुरता तिकिटाचा प्रश्न उरलेला नाही. अडतं ते परतीच्या गाडीवर: साडेअकराची फेरी चुकली तर दुपारी तीनपर्यंत स्टँडवर बसावं लागत असेल, तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कुणी येणार नाही, आणि येऊही नये. एप्रिल-मेमध्ये क्लिनिक सकाळी लवकर उरका, लघवी वाढवणाऱ्या गोळीवर असलेल्यांच्या अंगातलं पाणी उन्हात लवकर कमी होतं, म्हणून त्यांची नावं वेगळी काढून आशाताईंना द्या आणि त्यांच्या घरी आधी चक्कर मारायला सांगा. सर्वेक्षण जूनच्या पेरणीत लावू नका. दाराला कुलूप दिसेल आणि तुमच्या यादीतून नेमके धडधाकट, शेतात जाणारे वृद्ध गळतील.