सहा मोसंबी, तीन प्रती आणि विसरलेले 60

जालन्याच्या बाजारातला मोसंबीचा मोठा ढीग घ्या. त्यात आकाराच्या तीन प्रती मोठी 0.5, मध्यम 0.3, बारीक 0.2 या प्रमाणात आहेत असं धरा. न बघता सहा उचलली, तर 3 मोठी, 2 मध्यम, 1 बारीक येण्याची संभाव्यता किती? बरीच पोरं 0.5³ × 0.3² × 0.2 = 0.00225 काढून मोकळी होतात. पण ही झाली एकाच ठरावीक क्रमाची संभाव्यता. असे क्रम 6!/(3!·2!·1!) = 60 आहेत, म्हणून उत्तर 0.135.

प्रश्नात नुसतं ‘नेमकी 3 मोठी’ असेल, तर मध्यम-बारीक एकत्र करा: क्रम 6!/(3!·3!) = 20, म्हणून उत्तर 20 × 0.5³ × 0.5³ = 0.3125. उगाच तीन प्रती मांडत बसू नका.

ढिगाऐवजी 20 मोसंबींचं कॅरेट असेल, तर मात्र हे सूत्र चालत नाही. एकेक फळ उचललं की उरलेल्यांचं प्रमाण बदलतं.