पुढची भाषा कोणती? आधी दोन वाक्यं खाली-वर लिहून बघा

पुढची भाषा निवडताना तीन गोष्टी बघायच्या: उपयोग, आवड आणि मातृभाषेशी जवळीक. उपयोग आणि आवड ठरवायला फार डोकं लागत नाही. उपयोगासाठी एकच प्रश्न विचारायचा: येत्या सहा महिन्यांत ही भाषा येत नाही म्हणून माझं कुणाशी, कुठे अडणार आहे? माणूस आणि जागा सांगता आली नाही तर उपयोग शून्य धरा. मुंबईत हा प्रश्न कडकच लावावा लागतो, कारण आपण जरा अडखळलो की समोरचा लगेच हिंदीवर येतो. आवडीसाठी त्या भाषेतलं काहीही रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस ऐका. आठवड्यात कंटाळलात तर ते नाव कापा.

घोळ होतो तो मातृभाषेशी जवळीक मोजताना. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेची एक यादी सगळीकडे फिरत असते. तिच्यात जपानी सर्वांत अवघड गटात, 2200 तासांची. ती वाचून लोक घाबरतात. अहो, ते तास इंग्रजी बोलत वाढलेल्यांचे आहेत! आपल्याला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

दुसरी चूक मी स्वतः केली. गुजराती म्हणजे आपलीच, म्हणून हसतखेळत सुरू केली. वर्षभरात इमारतीतलं सगळं बोलणं कळायला लागलं, पण माझ्या तोंडून निघायची ती शेवटी ‘छे’ लावलेली मराठीच. एकदा शेजारच्या बेनना विचारलं, प्लंबर कधी? त्या जिन्यातूनच म्हणाल्या, “काले, काले.” मी ‘काल’ ऐकलं, म्हणजे येऊन गेला असं समजून दुसऱ्या दिवशी कुलूप लावून ऑफिसला गेले. गुजरातीत ‘काले’ कालही असतं आणि उद्याही. प्लंबर दाराला हात लावून परत गेला. जवळच्या भाषेत ऐकणं लवकर येतं, बोलणं येत नाही, आणि कळतंय म्हणून आपण सराव सोडतो. तिथे वेळ मोजताना समजण्याचा आणि बोलण्याचा वेगवेगळा धरा.

आता ही जवळीक मोजायची कशी? ती भाषा घरी बोलणाऱ्या कुणाकडून रोजची दहा वाक्यं बोलवून घ्या, देवनागरीत उतरवा आणि प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहा. लिपी सध्या बाजूला ठेवा. दोन वाक्यांवरही बरंच कळतं. पहिलं ‘मला पाणी पाहिजे’:

गुजराती: मने पाणी जोइए छे
कन्नड: ननगे नीरु बेकु
जपानी: मिझु गा होशी देसु

गुजरातीत शब्दही ओळखीचे. कन्नडचे शब्द परके, पण सांगाडा तोच: ननगे म्हणजे मला, नीरु पाणी, बेकु पाहिजे. जपानीतही ‘हवं’ शेवटी येतं आणि ‘गा’ हा प्रत्ययासारखा पाण्याच्या मागे लागतो. इंग्रजीवाल्याला इथे सगळं वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही.

दुसरं वाक्य ‘मी पुस्तक वाचलं’. गुजरातीत ‘में पुस्तक वांच्युं’. क्रियापद पुस्तकाच्या लिंगाप्रमाणे चालतं, आपल्यासारखंच, नपुंसकलिंगासकट. कन्नडमध्ये ‘नानु पुस्तक ओदिदे’: इथे क्रियापद ‘मी’प्रमाणे चालतं आणि बाई असो की पुरुष, ‘ओदिदे’च. वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, म्हणजे एक डोकेदुखी कमी. जपानीत तर क्रियापद ना माणूस बघतं ना लिंग.

लिपी आता हिशेबात घ्या. गुजराती लिपीला काही दिवस, कन्नडला काही आठवडे, कारण वर्णमालेचा क्रम तोच. जपानीत मात्र नेहमीच्या वापरातल्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, 2136 आहेत, आणि तिथे सांगाड्याची मदत संपते. वाचायचंच नसेल, फक्त बोलायचं असेल, तर हा आकडा विसरा.

एक मात्र ठाम सांगते: तिन्ही गोष्टींना दहापैकी गुण देऊन बेरीज करू नका. जवळीक वेळ किती लागेल ते सांगते, भाषा कोणती ते नाही. माझी भाची घाटकोपरला राहते. तिच्या यादीत याच तिन्ही भाषा होत्या. गुजराती बेरजेत सहज जिंकली असती, पण तिचं गुजरातीवाचून कुठेच अडत नव्हतं. जपानीची आवड खरी होती, पण माणूस एकही नाही. कन्नडसाठी मात्र हुबळीची आजेसासू होती, जिला मराठी-हिंदी येत नाही आणि जिचा दर रविवारी फोन येतो. भाचीने कन्नड घेतली.

सध्या ती ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’मध्ये अडकली आहे. दोन्हींना ती ‘नाही’ म्हणते. मी तिला सांगितलं, घरात दूध नाही तिथे इल्ल, हे दूध नव्हे तिथे अल्ल. ती म्हणाली, “मावशी, नव्हे कोण म्हणतं आता?” रविवारी आजेसासूने तिला तीनदा दुरुस्त केलं.