परवानगी आली होती, मंजुरी नव्हती: कॉलेजात खगोल मंडळ सुरू करताना

परभणी जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात आम्ही पाच जणांनी खगोल मंडळ सुरू केलं. त्याच्या पहिल्याच कार्यक्रमात माझे दीड हजार रुपये गेले, आणि बाकी चौघांचेही तेवढेच. आमचं कुठं चुकलं हे यंदा मंडळ काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं, म्हणून लिहितोय.

नोंदणीचं आधी सांगतो, कारण त्यात फार काही नाही. आम्हाला एका सीनियरनं धर्मादाय आयुक्तांकडे जायला सांगितलं होतं. तिकडं जाऊ नका. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांची स्वतंत्र संस्था होते. कॉलेजच्या आत चालणाऱ्या मंडळाला तिची गरज नाही. प्राचार्यांच्या नावे अर्ज, दोन पानांची नियमावली, सदस्यांची सह्यांसकट यादी आणि मार्गदर्शक शिक्षकांचं संमतिपत्र एवढंच आम्ही विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांमार्फत दिलं, आणि आठवड्यात जावक क्रमांकाचं पत्र हातात आलं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. पोरांत लोकप्रिय असलेले सर घेऊ नका, ज्यांचा ऑफिसात वावर आहे असे सर घ्या. आमचे सर मनानं फार मोठे, विषयावर जीव. पण कागद कुठल्या टेबलावर अडकलाय हे त्यांना कधी माहीत नसायचं. संमतिपत्रातच ‘माझ्या अनुपस्थितीत अमुक शिक्षक सही करतील’ अशी ओळ घालून घ्या. ती ओळ आमच्याकडे नव्हती.

आता मूळ गोष्ट. 7 सप्टेंबर 2025, रविवार, खग्रास चंद्रग्रहण. रात्री 11 वाजता चंद्र पूर्ण झाकोळणार आणि 12 वाजून 22 मिनिटांपर्यंत तसाच राहणार. हॉल मिळाला नाही म्हणून ग्रहण पुढच्या शनिवारी ढकलता येत नाही. त्यात 27 ऑगस्टला गणपती, 31 पासून तीन दिवस महालक्ष्म्या, 6 ला विसर्जन. म्हणजे कामाचे दिवस मोजकेच, आणि महालक्ष्म्यांना आमचे सर गावी.

आम्ही दोन अर्ज केले होते. एक मैदान वापरण्याचा, दुसरा 14,600 रुपयांच्या अंदाजपत्रकाचा. 28 ऑगस्टला पहिल्या अर्जावर ‘परवानगी देण्यात येत आहे’ असं लिहून प्राचार्यांची सही झाली. आम्हाला वाटलं, झालं काम. दुसऱ्या अर्जाची चौकशीच केली नाही. सरांना फोन केला तर ते म्हणाले, “करा करा, बघू आपण.” दुसऱ्याच दिवशी बॅनर आणि पत्रकांचे 1,850, दुर्बिणीच्या भाड्याचे 5,000 आणि सतरंज्या-खुर्च्यांचे 2,500 देऊन टाकले. एकूण 9,350. गणपतीच्या दिवसांत मंडपवाला आगाऊ घेतल्याशिवाय बोलतच नव्हता, म्हणून घाई.

अंदाजपत्रक मंजूर झालं 3 सप्टेंबरला. कार्यक्रमानंतर बिलं घेऊन लेखा विभागात गेलो. तिथल्या काकांनी एकेका बिलावरची तारीख बघितली आणि तीन बिलं बाजूला काढली. “पोराहो, परवानगी कार्यक्रमाला दिली होती. पैशाला कुठं दिली होती?”

हे नीट समजून घ्या, कारण मला समजायला 9,350 रुपये अडकावे लागले. कार्यक्रमाची परवानगी म्हणजे जागा, वेळ आणि जबाबदारी. खर्चाची मंजुरी म्हणजे कुठल्या निधीतून, किती आणि कशावर. दोन्ही कागद वेगळ्या टेबलांवरून जातात आणि एकाच दिवशी बाहेर पडतील असं नाही. बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची असेल, तर तो खर्च मंजुरीवाचून केलेला ठरतो. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघतो आणि उत्तर त्या काकांना द्यावं लागतं. त्यांचा राग मला तेव्हा आला होता, आता येत नाही.

ओळखायची खूण अगदी सोपी. हातातल्या कागदावर रक्कम आणि निधीचं नाव आहे का बघा. नसेल तर तो पैशाचा कागद नाही, खाली कुणाचीही सही असो. आणि फोनवरचं “करा, बघू” ही परवानगीही नाही, मंजुरीही नाही.

त्या संध्याकाळी एकानं सुचवलं, दुकानदाराकडून बिलावर पुढची तारीख टाकून घेऊ. मी कळवळून सांगतो, हे करू नका. बिलबुकाचे क्रमांक ओळीनं असतात. 3 तारखेनंतरच्या बिलांमध्ये 29 ऑगस्टचा क्रमांक लगेच दिसतो, आणि मग पैसे सोडा, मार्गदर्शकांवर खोट्या कागदाचा ठपका येतो. माझ्या मते असा सल्ला देणाऱ्या माणसाला मंडळाच्या हिशोबाजवळ बसू देऊ नये.

सरळ वाट एकच होती, कार्योत्तर मंजुरीचा अर्ज. त्यात आम्ही खर्च का झाला, ग्रहणाची तारीख का हलवता येत नव्हती आणि सुट्या कशा आल्या हे क्रमानं लिहिलं, सरांची शिफारस जोडली. बॅनरचे 1,850 मंजूर झाले, कारण त्याची तीन दरपत्रकं आमच्याकडे होती. उरलेले 7,500 नाहीत. ते पाच जणांनी वाटून घेतले. माझ्या खोलीचं भाडं त्या महिन्यात उशिरा गेलं. तरी मंडळावर ठपका आला नाही आणि दारं बंद झाली नाहीत. म्हणून चूक झालीच असेल तर घाबरू नका, पण ती लिहून द्या, लपवू नका.

आगाऊ पैसे द्यावेच लागणार असतील तर अग्रिम मागा. आमच्याकडे तो विद्यार्थ्याच्या नावानं मिळत नाही, मार्गदर्शकांच्या नावानं निघतो. मुदतीत हिशोब दिला नाही तर वसुली त्यांच्या पगारातून होते. सर सही करायला का कचरतात ते मला तेव्हा कळलं. अर्ज करतानाच त्यांना हिशोबाची तारीख लिहून द्या, सही लवकर मिळते.

रात्रीच्या कार्यक्रमाचं थोडं. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 नंतर तो लावताच येत नाही. ग्रहण 11 चं. म्हणून आम्ही माइक मागितलाच नाही, वीस-वीस जणांचे गट करून बोललो. वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डनचं वेगळं पत्र घेतलं. मैदानावरचे दिवे बंद ठेवायचं मात्र वीजतंत्रीला सांगायचं राहिलं. चंद्र तांबूस व्हायला लागला तेव्हा वॉचमनमामा स्वतः पळत जाऊन मेन स्विच पाडून आले.

यंदा डिसेंबरातल्या उल्कावर्षावाचा अर्ज आम्ही सप्टेंबरातच टाकलाय. मंडळाच्या वहीत आता दोन रकाने आहेत, परवानगीची तारीख आणि मंजुरीची तारीख. दुसरा रकाना अजून कोरा आहे, त्यामुळे दुर्बिणीवाल्याला फक्त तारीख धरून ठेवायला सांगितलंय.